लहान दुकानदार आणि कार्ड सुरक्षेचा वार्षिक फॉर्म: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी बँकेचा किंवा पेमेंट गेटवेचा मेल येतो: ‘आपली पीसीआय डीएसएस प्रश्नावली प्रलंबित आहे.’ मग मला फोन येतात. बहुतेकांचे प्रश्न तेच असतात, म्हणून ते एका ठिकाणी लिहून काढले आहेत. एक किंवा दोन दुकानं, एखादी वेबसाइट, एक-दोन स्वाइप मशीन असा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा फॉर्म कसला आणि तो मागतं कोण? सरकारी आहे का?

सरकारी नाही. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर आणि जेसीबी या कार्ड कंपन्यांनी 2006 मध्ये एक परिषद स्थापन केली. कार्डची माहिती कशी सांभाळायची याचे नियम ही परिषद ठरवते. त्या नियमांना पीसीआय डीएसएस म्हणतात आणि सध्या त्यांची 4.0.1 ही आवृत्ती चालू आहे. हे नियम आपण पाळतो की नाही, हे दुकानदाराने स्वतःच तपासून लिहून द्यायचं असतं. त्या प्रश्नावलीचं नाव एसएक्यू. तिच्यासोबत सहीचा एक भाग असतो, त्याला एओसी म्हणतात.

फॉर्म मागते ती बँक, जिने तुम्हाला मशीन दिलं आहे, किंवा तो गेटवे, ज्याच्यामार्फत तुमच्या वेबसाइटवरचे पैसे येतात. तुमच्या करारात हे कलम असतंच, फक्त सही करताना ते कुणी वाचत नाही. भरलेला फॉर्मही त्यांच्याकडेच जातो, परिषदेकडे पाठवायचा नसतो. भारतात याला रिझर्व्ह बँकेचीही जोड आहे. अनेक दुकानदारांचे ऑनलाइन पैसे गोळा करून त्यांना पोचवणाऱ्या गेटवे कंपन्यांना पेमेंट अॅग्रिगेटर म्हणतात. पेमेंट अॅग्रिगेटरसाठी मार्च 2020 मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी, जोडलेल्या दुकानदारांची यंत्रणा या नियमांत बसते का, हे पाहण्याची जबाबदारी अॅग्रिगेटरवर टाकली. गेटवेवाले हल्ली पाठपुरावा करतात त्याचं हे एक कारण आहे.

२. माझ्याकडे फक्त यूपीआयचा क्यूआर आहे. मला हे लागू होतं का?

नाही. ग्राहक क्यूआर स्कॅन करतो तेव्हा कार्डचा नंबर तुमच्या हातात, मशीनमध्ये किंवा वेबसाइटवर येतच नाही. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून कुणी पैसे दिले, तरी तुमच्या बाजूने तो क्यूआरचाच व्यवहार असतो. पण त्याच गल्ल्यावर स्वाइप मशीनही असेल, तर त्या मशीनपुरता फॉर्म भरावा लागतो.

३. ‘लेव्हल’ म्हणजे काय? माझी कोणती?

वर्षाला किती कार्ड व्यवहार होतात त्यावरून लेव्हल ठरते. इथे व्यवहारांची संख्या मोजतात, रक्कम नाही. दोन लाखांचा दागिना आणि दोनशे रुपयांची वही, दोन्ही एकेकच व्यवहार. शिवाय मोजणी प्रत्येक कार्ड कंपनीची वेगळी होते, व्हिसाचे आणि मास्टरकार्डचे आकडे एकत्र करायचे नसतात.

व्हिसाची विभागणी अशी आहे: वर्षाला 60 लाखांहून जास्त व्यवहार असतील तर लेव्हल 1. 10 ते 60 लाख असतील तर लेव्हल 2. ऑनलाइन व्यवहार 20,000 ते 10 लाख असतील तर लेव्हल 3. बाकी सगळे लेव्हल 4, म्हणजे ऑनलाइन 20,000 पेक्षा कमी आणि एकूण 10 लाखांपर्यंत. मास्टरकार्डचे आकडे जवळपास असेच आहेत.

बँकेच्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये कार्डाच्या प्रकारानुसार संख्या दिलेली असते. गेल्या बारा महिन्यांची बेरीज केली की लेव्हल कळते. हे पान वाचणारे जवळपास सगळेच लेव्हल 4 मध्ये असतील. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: दुकानातून कार्डांची माहिती चोरीला गेल्याचं निष्पन्न झालं, तर व्यवहार कितीही कमी असोत, कार्ड कंपनी तुम्हाला लेव्हल 1 मध्ये टाकू शकते. मग स्वतः फॉर्म भरून भागत नाही, बाहेरच्या मान्यताप्राप्त तपासनीसाकडून ऑडिट करून घ्यावं लागतं आणि त्याचा खर्च लहान दुकानाला झेपणारा नसतो.

४. लेव्हल 4 म्हणजे सगळ्यात खालची. मग तपासण्या कमी लागत असतील ना?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तपासणी कोणी करायची आणि पुरावा काय द्यायचा, एवढंच लेव्हल सांगते. लेव्हल 4 ला स्वतः तपासून स्वतः सही करता येते. फॉर्म कधी आणि कसा द्यायचा हे बँक ठरवते. पण फॉर्ममध्ये कोणते प्रश्न येणार, हे लेव्हलवर अवलंबून नसतं. कार्डचा नंबर तुमच्याकडे कुठून येतो आणि कुठून जातो, त्यावर ते ठरतं.

म्हणून लेव्हल 4 मधल्याच दोन शेजारी दुकानांपैकी एकाला तीसएक प्रश्नांचा फॉर्म लागतो आणि दुसऱ्याला दोनशेच्या वर प्रश्नांचा. दुसऱ्याचा धंदा मोठा असतो असं नाही. त्याने कार्डचे नंबर कुठेतरी साठवून ठेवलेले असतात किंवा स्वतःच्या वेबसाइटवर घेतलेले असतात.

५. मग माझा फॉर्म कोणता?

लहान दुकानदाराशी संबंध येतो तो साधारण पाच-सहा फॉर्मांशी.

वेबसाइट आहे, पण कार्डचा नंबर ग्राहक गेटवेच्या पानावरच टाकतो, अशांसाठी एसएक्यू ए. फक्त पेमेंट लिंक पाठवणारेही यातच येतात. नंबर घेणारं पान तुमच्याच साइटचं असतं, पण नंबर तुमच्या सर्व्हरवर न येता तिथून थेट गेटवेला जातो, तेव्हा एसएक्यू ए-ईपी लागतो. तो बराच मोठा आहे. या दोघांतला फरक ओळखायचा कसा, ते प्रश्न ७ मध्ये दिलं आहे.

गल्ल्यावर ब्रॉडबँडला जोडलेलं स्वतंत्र स्वाइप मशीन असेल तर एसएक्यू बी-आयपी. त्यात काही अटी आहेत. मशीन पीटीएस यादीतलं, म्हणजे परिषदेने मान्य केलेल्या मशीनांपैकी हवं. नेटवर्कवर ते दुकानाच्या इतर संगणकांपासून वेगळं हवं. बँकेशी बोलायला त्याला दुसऱ्या फोनचा किंवा संगणकाचा आधार लागता कामा नये. म्हणजे मोबाइलला ब्लूटूथने जोडायचं छोटं मशीन यात बसत नाही. जुन्या टेलिफोन लाइनवर डायल करणाऱ्या मशीनसाठी एसएक्यू बी आहे. सिमकार्डवरच्या मशीनला बी की बी-आयपी, हे बँकेला मेलवर विचारा आणि तिचं उत्तर फॉर्मसोबत जपून ठेवा. पीटूपीई यादीतलं, म्हणजे कार्डचा नंबर मशीनमध्येच कुलूपबंद करून पाठवणारं साधन बँकेने दिलं असेल, तर एसएक्यू पीटूपीई लागतो आणि तो छोटा आहे.

यातल्या कशातच बसत नसाल तर बहुधा एसएक्यू डी. हा सगळ्यात मोठा. नंबर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात कुठेही साठवला असेल, तर दुसरा पर्याय नाही.

प्रत्येक फॉर्मच्या सुरुवातीच्या भागात, 2h मध्ये, तो भरायला पात्र असण्याच्या अटी छापलेल्या आहेत. प्रश्न भरण्याआधी त्या वाचा. एक जरी अट चुकत असेल, तर तो फॉर्म तुमचा नाही.

६. गेटवेवाले म्हणतात आम्ही पीसीआय कंप्लायंट आहोत. मग मी का भरायचं?

ते त्यांच्या बाजूचं सांगत असतात. ग्राहकाला त्यांच्या पानापर्यंत नेतं कोण? तुमची वेबसाइट. चोर गेटवेला हात लावत नाही. तो दुकानदाराच्या साइटवर शिरतो आणि पेमेंटचं बटण दाबल्यावर ग्राहक खोट्या पानावर जाईल अशी सोय करतो. गेटवेला याचा पत्ताही लागत नाही.

त्यांच्या कंप्लायन्सचा उपयोग तुम्हाला होतो तो फॉर्ममधल्या 12.8 च्या प्रश्नांसाठी. तिथे कार्डच्या व्यवहारात हात असलेल्या सगळ्या पुरवठादारांची यादी हवी, त्यांच्याशी लेखी करार हवा आणि वर्षातून एकदा तरी त्यांची स्थिती तपासल्याची नोंद हवी. गेटवेला मेल करून त्यांची चालू एओसी मागवा. त्यावरची तारीख बघा, कारण पाच वर्षांपूर्वीची एओसी फोल्डरमध्ये पडून असलेली मी पाहिली आहे. कोणती जबाबदारी त्यांची आणि कोणती तुमची, हेही त्यांच्याकडून लेखी घ्या.

७. माझ्या वेबसाइटला ‘ए’ लागेल की ‘ए-ईपी’, हे मला कसं कळणार? मी काही कोडिंग जाणत नाही.

स्वतःच्या साइटवर एक खोटी ऑर्डर टाका आणि पैसे भरण्याच्या पायरीवर थांबा. आता ब्राउझरच्या वर पत्त्याची पट्टी बघा.

पत्ता बदलून गेटवेचा झाला असेल, तर ग्राहक पूर्णपणे त्यांच्या घरी गेला. तुमचा फॉर्म ए.

पत्ता तुमचाच राहिला आणि वर एक चौकट उघडली, तर कार्ड नंबरच्या रकान्यावर राइट क्लिक करून `Inspect` निवडा. उजवीकडे किंवा खाली कोड दिसेल. नंबरचा तो रकाना `<iframe` असं लिहिलेल्या तुकड्याच्या आत असेल आणि त्याच्या `src` मध्ये गेटवेचा पत्ता असेल, तर रकाना त्यांच्या पानावरचा आहे. अजूनही फॉर्म ए, पण खाली सांगितलेल्या अटीसह. रकाना तुमच्याच पानात असेल, `iframe` कुठेच नसेल, तर ए-ईपी धरा. नंबर तुमच्या सर्व्हरवरूनच पुढे जात असेल, तर थेट डी. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा, पुरावा म्हणून तो लागतो.

आता ती अट. जानेवारी 2025 मध्ये परिषदेने एसएक्यू ए मधून पेमेंटच्या पानावरच्या स्क्रिप्टांविषयीच्या, म्हणजे पानात चालणाऱ्या कोडच्या तुकड्यांविषयीच्या दोन मागण्या, 6.4.3 आणि 11.6.1, काढल्या. त्यांच्या जागी पात्रतेची एक अट आली: आपल्या साइटवर स्क्रिप्टच्या मार्गाने हल्ला होऊ शकत नाही, याची दुकानदाराने खात्री केलेली असावी. ही अट चौकट वापरणाऱ्यांसाठी आहे. ग्राहकाला गेटवेच्या पत्त्यावर पाठवून देणाऱ्यांना ती लागू नाही. खात्री कशी करायची? एक तर त्या दोन मागण्यांमध्ये सांगितलेले उपाय स्वतः करा, नाहीतर ‘आमची चौकट सांगितल्याप्रमाणे बसवली तर असल्या हल्ल्यांपासून संरक्षण मिळतं’ असं गेटवेकडून लेखी घ्या. लहान दुकानदारासाठी माझा सल्ला सरळ आहे: चौकट काढा आणि ग्राहकाला गेटवेच्या पानावर पाठवा. पान जरा कमी देखणं दिसेल, पण दरवर्षीची एक मोठी डोकेदुखी जाईल.

८. एखादं उदाहरण पूर्ण करून दाखवा ना.

समजा, येवल्यात पैठणीचं दुकान आहे. गल्ल्यावर दोन स्वाइप मशीन, दोन्ही दुकानाच्या ब्रॉडबँडवर. वर्डप्रेसवर केलेली वेबसाइट आहे आणि पैसे भरताना ग्राहक गेटवेच्या पानावर जातो. गेल्या वर्षी व्हिसाचे दुकानात 4,200 आणि वेबसाइटवर 900 व्यवहार झाले. मास्टरकार्डचे 2,600 आणि 500.

लेव्हल काढायला मिनिटही लागत नाही: व्हिसाचे एकूण 5,100, त्यातले ऑनलाइन 900. मास्टरकार्डचे 3,100. दोन्हीकडे लेव्हल 4.

फॉर्म मात्र दोन लागतील. वेबसाइटला ए आणि दुकानाला बी-आयपी. मशीन एका बँकेचं आणि गेटवे वेगळ्या कंपनीचा असेल, तर दोघांकडे आपापला फॉर्म जाईल. दोन्ही एकाच बँकेकडे असतील, तर दोन वेगळे फॉर्म चालतील की एकच मोठा हवा, हे बँकेला आधी विचारायचं.

आता दुकानातलं जोडकाम बघू. राउटर एकच. त्याच्यावर दोन मशीन, बिलिंगचा संगणक, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि ग्राहकांना दिलेला वायफाय. बी-आयपीची ‘मशीन वेगळं हवं’ ही अट इथेच मोडते. बिलिंगच्या संगणकावर कुणी भलतीच फाइल उघडली, तर तिथून मशीनपर्यंत वाट मोकळी आहे. यावर दोन उपाय आहेत. राउटर वेगवेगळे भाग पाडू शकत असेल, तर मशीनसाठी वेगळं नेटवर्क करून घ्यायचं आणि त्याचा एक साधा नकाशा कागदावर काढून ठेवायचा. ते जमत नसेल, तर मशीनसाठी स्वतंत्र जोडणी घ्यायची किंवा बँकेकडून सिमवाली मशीन मागायची. राउटरचा मूळ पासवर्डही बदलायचा, तोच पासवर्ड राउटरखालच्या स्टिकरवर छापलेला असतो.

वेबसाइटच्या बाजूला मालकाने वर्डप्रेसची लॉगिन खाती उघडली, तर चार दिसली. त्यातलं एक दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाचं, आणि एक `admin` नावाचं, जे तिघं मिळून वापरत होते. फॉर्म ए मध्ये प्रत्येकाचं खातं वेगळं असावं, सोडून गेलेल्याचं लगेच बंद व्हावं आणि पासवर्ड किमान 12 अक्षरांचा, अक्षरं व आकडे मिळून असावा, अशा मागण्या आहेत. महत्त्वाच्या सुरक्षा दुरुस्त्या आल्यापासून एका महिन्यात बसवायच्या असतात, आणि इथे ऑर्डरच्या प्लगइनचं अपडेट कितीतरी महिने पडून होतं. हे सगळं उरकायला एक दुपार पुरते. ते झाल्यावरच त्या प्रश्नांपुढे होकार लिहायचा.

राहिलं स्कॅन. ते प्रश्न १० मध्ये, आणि मशीनची तपासणी प्रश्न ११ मध्ये.

९. प्रत्येक प्रश्नापुढे चार-पाच रकाने आहेत. कोणता कधी निवडायचा?

`In Place` म्हणजे मागणी पूर्ण आहे आणि तुम्ही ती खरोखर तपासली आहे. प्रश्नाशेजारच्या `Expected Testing` या रकान्यात कसं तपासायचं तेही दिलेलं असतं: कागद बघा, माणसाला विचारा, प्रत्यक्ष पाहा. तेवढं केल्याशिवाय इथे टिक करू नका.

`Not Applicable` म्हणजे तो प्रश्न तुमच्या दुकानाला लागूच होत नाही. उदाहरणार्थ, कार्डचा पूर्ण नंबर असलेला एकही कागद तुमच्याकडे नसेल, तर कागद सांभाळण्याच्या प्रश्नांना हे उत्तर. पण शेवटी जोडलेल्या `Appendix C` मध्ये कारण एका वाक्यात लिहावंच लागतं. ते रिकामं सोडल्यामुळे फॉर्म परत येतात.

`In Place with CCW` म्हणजे सांगितलेली मागणी काही खऱ्या अडचणीमुळे पूर्ण करता येत नाही, म्हणून तिच्या तोडीचा दुसरा उपाय केला आहे. त्यासाठी वेगळा तक्ता भरावा लागतो. लहान दुकानदाराला याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. कुणी सल्लागार सारखा हाच रकाना सुचवत असेल, तर सावध व्हा.

`Not in Place` कधी लिहायचं, ते प्रश्न १२ मध्ये.

१०. ‘एएसव्ही स्कॅन’ म्हणजे काय? ते मलाही लागतं का?

इंटरनेटवरून तुमच्या वेबसाइटकडे किंवा राउटरकडे बघितलं तर कोणती दारं उघडी दिसतात, याची ही यांत्रिक तपासणी आहे. परिषदेने मान्यता दिलेल्या कंपनीकडूनच ती करून घ्यावी लागते, दर तीन महिन्यांनी किमान एकदा. फॉर्म परिषदेच्या वेबसाइटवर फुकट मिळतो, स्कॅनला पैसे पडतात. काही बँका आणि गेटवे आपल्या पोर्टलमध्येच ते देतात, म्हणून बाहेर पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

ए, ए-ईपी, बी-आयपी आणि डी मध्ये ते आहे. बी आणि पीटूपीई मध्ये नाही. फॉर्म ए ला 4.0 च्या आवृत्तीपासून ते आलं, त्यामुळे ‘गेल्या वेळी तर मागितलं नव्हतं’ असं जुने दुकानदार म्हणतात. दुकान तयार प्लॅटफॉर्मवर चालत असेल आणि सर्व्हर त्यांच्याच ताब्यात असेल, तर स्कॅन त्यांनी केलेलं असतं, त्याचा कागद मागवून ठेवा. वेबसाइटच नसेल, नुसती पेमेंट लिंक पाठवत असाल, तर कारण लिहून `Not Applicable`.

रिपोर्टमध्ये प्रत्येक दोषाला 0 ते 10 असे गुण असतात. 4.0 किंवा त्याहून जास्त गुणांचा एकही दोष निघाला, की स्कॅन नापास. स्वस्त होस्टिंगवर नेहमी दिसणारा दोष म्हणजे डेटाबेसचं 3306 हे पोर्ट बाहेरून उघडं असणं, किंवा टीएलएस 1.0 हा वेबसाइटची जोडणी कुलूपबंद करण्याचा जुना प्रकार चालू ठेवणं. हे तुम्हाला स्वतः बंद करता येत नसेल, तर रिपोर्टचं ते पान जोडून होस्टिंगवाल्याला तक्रार करा. दुकानाच्या राउटरच्या स्कॅनमध्ये बहुतेक वेळा राउटरचं किंवा डीव्हीआरचं लॉगिनचं पान बाहेरून दिसत असतं. मालकाला घरून सीसीटीव्ही बघता यावा म्हणून कुणीतरी ते उघडून दिलेलं असतं. दुरुस्तीनंतर स्कॅन पुन्हा करायचं आणि पास झालेला रिपोर्ट फॉर्मला जोडायचा.

पहिलंच वर्ष असेल तर मागचे चार पास रिपोर्ट नाहीत म्हणून घाबरू नका. ताजं स्कॅन पास असावं आणि पुढे दर तीन महिन्यांनी करण्याची पद्धत लिहून ठेवलेली असावी. पुढच्या वर्षी मात्र चारही लागतात. तारखा आताच कॅलेंडरमध्ये टाका.

११. स्वाइप मशीन ‘तपासा’ म्हणजे नेमकं काय बघायचं?

एका वहीत प्रत्येक मशीनची कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि ते कुठे ठेवलं आहे, हे लिहा. मशीन आलं त्या दिवशीच पुढून, मागून आणि कार्ड घालायच्या खाचेचा असे फोटो काढून ठेवा.

मग ठरलेल्या दिवशी, समजा दर सोमवारी दुकान उघडताना, मशीन उलटं करून स्टिकरवरचा सिरियल नंबर वहीशी ताडून बघा. स्टिकर उचकटून पुन्हा लावल्यासारखा वाटतो का, कडेची फट वाढली आहे का, खाचेत नखाला अडणारा एखादा पातळ तुकडा आहे का, आकड्यांची बटणं नेहमीपेक्षा उंच किंवा कडक लागतात का, नवी वायर कुठून आली आहे का, हे पाहा. वहीत तारीख आणि सही. काही वेगळं दिसलं तर मशीन बंद करा आणि बँकेच्या मर्चंट हेल्पलाइनला कळवा.

मशीन बदलायला आलेला माणूस हा दुसरा धोका. ‘बँकेतून आलोय, मशीन अपडेट करायचंय’ असं सांगून कुणी आलं, तर त्याने दिलेल्या नंबरवर नाही, तुमच्याकडच्या कराराच्या कागदावरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. गल्ल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलेलं असावं, सुट्टीत येऊन बसणाऱ्या भाच्यालासुद्धा. फॉर्ममध्ये हा प्रशिक्षणाचा प्रश्न वेगळा आहे.

१२. एक-दोन गोष्टी झालेल्या नाहीत आणि मुदत उद्याची आहे. ‘हो’ लिहून टाकू का?

नको. झालेलं नाही तिथे `Not in Place` लिहा. सहीच्या भागात `Non-Compliant` निवडा आणि `Part 4` मध्ये ती गोष्ट कोणत्या तारखेपर्यंत करणार ते लिहा. फॉर्ममध्ये हा मार्ग याचसाठी ठेवलेला आहे. बँक बहुधा वेळ देते. करारात दंडाचं कलम असेल तर महिन्याचं शुल्क लागू शकतं, तेवढं विचारून घ्या.

खोटा होकार महाग पडतो तो चोरी झाल्यावर. तेव्हा चौकशीला येणारे तज्ज्ञ तुमचा फॉर्म आणि तुमचं प्रत्यक्षातलं नेटवर्क शेजारी ठेवून बघतात.

१३. सही कोणी करायची? आमचे सीए किंवा वेबसाइटवाला करेल का?

भरायला कुणाचीही मदत घ्या, सही मात्र मालकाची, भागीदाराची किंवा कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याची. `Part 3b` मध्ये ती जागा आहे. वेबसाइटवाल्याकडून त्याच्या भागाची उत्तरं मेलवर मागून घ्या, म्हणजे तुमच्या सहीमागे काहीतरी आधार राहील.

१४. एक कंपनी म्हणते, पैसे भरा, दोन दिवसांत ‘पीसीआय सर्टिफिकेट’ देतो. घेऊ का?

परिषद अशा शोभेच्या प्रमाणपत्राला पुरावा मानत नाही. तिला चालतं ते फक्त तिचेच फॉर्म: भरलेली प्रश्नावली, सही केलेली एओसी आणि लागू असेल तिथे पास झालेला स्कॅन रिपोर्ट. स्कॅन करून देणाऱ्या मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी परिषदेच्या वेबसाइटवर आहे, नाव तिथे तपासा.

१५. ग्राहकाने व्हॉट्सअॅपवर कार्डाचा फोटो पाठवला. आता मी फॉर्म डी मध्ये गेलो का?

तो फोटो ठेवलात किंवा वापरलात, तर तुमचा मार्ग बदलला. नंबर तुमच्या फोनमध्ये आला, गॅलरीत उतरला, कदाचित त्याचा क्लाउडवर बॅकअपही झाला. हे इलेक्ट्रॉनिक साठवण झालं आणि बाकीच्या सगळ्या फॉर्मांची पात्रता त्यावरच मोडते.

म्हणून त्या फोटोवरून व्यवहार करायचाच नाही. चॅटमधून, गॅलरीतून आणि बॅकअपमधून तो काढा. ग्राहकाला पेमेंट लिंक पाठवा आणि ‘कार्डाचा फोटो आम्ही घेत नाही’ असं लिहून कळवा. असा फोटो आला तर काय करायचं, हे दुकानाच्या नियमांच्या कागदात एका ओळीत लिहून ठेवा. कार्डामागचे तीन आकडे तर व्यवहार मंजूर झाल्यावर कुणालाही साठवता येत नाहीत, कागदावरही नाही.

भारतात यावर आणखी एक बंधन आहे. 1 ऑक्टोबर 2022 पासून कार्ड देणारी बँक आणि कार्ड नेटवर्क सोडून कुणालाही ग्राहकाच्या कार्डाची माहिती साठवायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. व्यवहार ओळखायला शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. एक्सेलमध्ये ‘नेहमीचे ग्राहक’ म्हणून पूर्ण नंबर लिहिलेली फाइल असेल, तर फॉर्म उघडण्याआधी ती नष्ट करा.

१६. आमचं कोकणात होमस्टे आहे. बुकिंग साइट पाहुण्याच्या कार्डाचा नंबर दाखवते आणि आम्ही तो मशीनवर टाइप करतो. मशीन तर स्वतंत्र आहे, मग बी-आयपी चालेल ना?

नाही चालणार. कार्डचा नंबर फक्त मशीनमधूनच जावा, ही बी-आयपीची अट आहे. इथे तो आधी तुमच्या संगणकाच्या पडद्यावर येतो, म्हणजे तो संगणक आणि त्याचं नेटवर्कही तपासणीत आलं. नंबर मेलमध्ये येत असेल, तर मेलबॉक्ससुद्धा. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या लहान हॉटेलवाल्यांकडून हा प्रश्न मला सतत येतो, आणि बहुतेकांनी आतापर्यंत चुकीचा फॉर्म भरलेला असतो.

बुकिंग साइटच्या सेटिंगमध्ये पैसे तिनेच घेऊन तुमच्या खात्यात जमा करण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल, तर पाहुण्याला पेमेंट लिंक पाठवा किंवा तो आल्यावर मशीनवर घ्या. नंबर दिसणं बंद झालं, की मशीनपुरता बी-आयपी पुन्हा उपलब्ध होतो. दिसणं बंद करता येत नसेल, तर कोणता फॉर्म ते बँकेकडून लेखी घ्या आणि मोठ्या फॉर्मची तयारी ठेवा.

१७. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर माल विकतो. ते व्यवहार मोजायचे का?

नाही. तिथे कार्डाचे पैसे तो बाजार घेतो आणि तुम्हाला हिशेब करून पाठवतो. प्रश्न ३ मधल्या मोजणीत फक्त तुमच्या स्वतःच्या मर्चंट आयडीवरचे व्यवहार धरा.

१८. फॉर्म मार्चमध्ये दिला, ऑगस्टमध्ये वेबसाइटचा गेटवे बदलला. पुढच्या मार्चपर्यंत थांबू का?

त्याच आठवड्यात प्रश्न ७ मधली तपासणी पुन्हा करा. नव्या गेटवेचं पानही पूर्ण वेगळ्या पत्त्यावर उघडत असेल, तर फॉर्म तोच राहतो. पुरवठादारांच्या यादीत नवं नाव घाला, त्यांची एओसी मागवा आणि जुन्या गेटवेचं प्लगइन साइटवरून नुसतं बंद न करता काढून टाका. पण नव्याची चौकट तुमच्या पानात उघडत असेल किंवा रकानाच तुमच्या पानात आला असेल, तर पात्रता बदलली. ते नव्या गेटवेला कळवा आणि नव्या परिस्थितीचा फॉर्म कधी हवा, ते त्यांच्याकडून ठरवून घ्या.